अक्षर अर्धेच जुळले तर? मराठी शब्दओळख खेळातील रंगांचा नियम

पाच अक्षरांचा गुप्त शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा, हा ‘वर्डल’ नावाचा इंग्रजी खेळ जॉश वार्डल यांनी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ तीन रंगांत उत्तर देतो. अक्षर योग्य जागी असेल तर घर हिरवे होते, अक्षर शब्दात असून दुसऱ्या जागी असेल तर पिवळे होते आणि अक्षर शब्दात नसेल तर राखाडी होते. नागपुरात आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर सगळे मिळून हा खेळ खेळतात. असाच खेळ मराठीत का नसावा, या आईच्या प्रश्नावरून मी तो घडवायला बसलो. शब्दांची यादी जमवणे हे कष्टाचे काम असले तरी अवघड नव्हते. रंग कधी आणि कसे द्यायचे, हे ठरवायला मात्र मला कित्येक आठवडे लागले.

अडचण पहिल्याच रात्री उघड झाली. गुप्त शब्दात ‘त’ होता, आईने ‘ता’ असलेला शब्द दिला आणि घर राखाडी झाले. उत्तर कळल्यावर ती म्हणाली, “अरे, ‘त’ तर आहे ना शब्दात, मग खेळ नाही का म्हणतो?” खेळाच्या बाजूने पाहिले तर ‘ता’ आणि ‘त’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत, त्यामुळे त्याने नियम मोडलेला नव्हता. मराठी वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याने चक्क दिशाभूल केली होती. ही दिशाभूल टाळणारा नियम कसा बांधता येतो, ते या लेखात क्रमाने मांडतो.

## आधी अक्षर म्हणजे काय ते ठरवू

‘नागपूर’ हा शब्द कोणालाही मोजायला सांगितला तर तो ना, ग, पू, र अशी चार अक्षरे मोजतो. संगणक मात्र हाच शब्द सहा चिन्हांत साठवतो, कारण तेथे ‘न’ आणि काना, ‘प’ आणि दीर्घ ऊकार ही वेगवेगळी चिन्हे आहेत. ‘गणेशोत्सव’ या शब्दात आपल्याला ग, णे, शो, त्स, व अशी पाच अक्षरे दिसतात, तर संगणकाला नऊ चिन्हे दिसतात. त्यांत ‘त’ला ‘स’शी जोडणारे हलन्ताचे चिन्हही स्वतंत्र मोजले जाते. चिन्हे मोजून घरे आखली, तर एका घरात नुसता काना आणि दुसऱ्या घरात नुसता हलन्त बसेल, आणि अशा घरांना रंग देण्यात काहीच अर्थ राहणार नाही.

म्हणून एका घरात एक अक्षर, हे पहिले तत्त्व ठरते. येथे अक्षर म्हणजे एक किंवा अधिक जोडलेली व्यंजने, त्यांवरची मात्रा आणि असल्यास अनुस्वार किंवा विसर्ग, हे सगळे मिळून. अ, ई, ओ असे सुटे स्वरही अक्षरच होत. रफाराबाबत मात्र सावध राहावे लागते. ‘सीताबर्डी’ म्हणताना आपण ‘बर्’ आणि ‘डी’ असे तोडतो, पण लिहिताना रफार ‘डी’च्या डोक्यावर बसतो. खेळ लिखित शब्दाचा असल्यामुळे येथे सी, ता, ब, र्डी अशी चार अक्षरे धरणे योग्य आहे. उच्चाराप्रमाणे तोडायला गेलो, तर ‘घरचा’सारख्या शब्दात ‘र’ स्वतंत्र धरायचा की नाही, असा वाद दर शब्दाला उभा राहील.

शब्द असा तोडण्याचे काम ब्राउझरवर सोपवता येईल असे वाटते, पण तेथे एक खड्डा आहे. मजकुराचे तुकडे कोठे पाडायचे याचा युनिकोडचा जुना सर्वसाधारण नियम हलन्तानंतर तुकडा पाडत असे. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत तो बदलला आणि देवनागरीची जोडाक्षरे एकत्र ठेवली जाऊ लागली. परिणामी ‘गणेशोत्सव’ हा शब्द जुन्या नियमाच्या फोनवर सहा तुकड्यांचा होतो आणि नव्या नियमाच्या फोनवर पाच तुकड्यांचा. एकाच घरातील दोन फोनांवर एकच शब्द वेगवेगळ्या लांबीचा ठरत असेल, तर त्या खेळावर कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यामुळे अक्षर तोडण्याची पद्धत स्वतः लिहून घेणे बरे, आणि ती फार मोठीही होत नाही:

```js
const AKSHAR =
/(?:[क-ह]\u094D\u200D?)*[क-ह][\u093E-\u094C]?[\u0901-\u0903]?|[\u0905-\u0914\u0972][\u0901-\u0903]?/g;

"गणेशोत्सव".match(AKSHAR);
// ["ग","णे","शो","त्स","व"]
```

यातील `\u094D` हे हलन्ताचे चिन्ह आहे आणि `\u200D` हे डोळ्यांना न दिसणारे सांधणारे चिन्ह आहे. या अदृश्य चिन्हाची गरज मराठीला खास पडते, कारण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि दुसऱ्यातील ‘ऱ्य’ काही कळफलक या चिन्हाच्या मदतीने, तर काही ‘ऱ’ हे वेगळे चिन्ह वापरून टाइप करतात. ‘ॲ’चेही तसेच आहे: कोणी ते एकाच चिन्हाने लिहितो, कोणी ‘अ’वर चंद्र चढवून. दिसायला दोन्ही सारखेच असले तरी संगणकाला ते वेगळे वाटतात, म्हणून तुलना करण्यापूर्वी सगळे शब्द एकाच रूपात आणून घ्यावे लागतात.

## तीन रंग का पुरत नाहीत

इंग्रजीत सव्वीस अक्षरे आहेत. मराठीत ‘क’पासून ‘ळ’पर्यंतची चौतीस व्यंजने घेतली आणि प्रत्येकाची बाराखडी मोजली, तर नुसती साधी अक्षरेच ४०८ होतात. जोडाक्षरे अजून मोजलेलीच नाहीत. अशा परिस्थितीत ‘संपूर्ण अक्षर जुळले तरच रंग’ हा नियम ठेवला, तर बहुतेक घरे राखाडी होतात आणि खेळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमच्या गावात रश्श्याचे वर्णन ज्या शब्दावाचून पुरे होत नाही तो ‘झणझणीत’ हा शब्द गुप्त आहे असे समजा. त्याची अक्षरे झ, ण, झ, णी, त. खेळणाऱ्याने ‘गणेशोत्सव’ हा शब्द दिला. त्याच्या दुसऱ्या घरात ‘णे’ आहे आणि गुप्त शब्दातही त्याच घरात ‘ण’ आहे. ‘त्स’मध्ये ‘त’ आहे आणि गुप्त शब्दातही ‘त’ आहे. इतकी जवळीक असूनही तीन रंगांचा खेळ पाचही घरे राखाडी करील, आणि खेळणारा ‘ण’ आणि ‘त’ यांवर कायमची फुली मारून बसेल.

यावर मी शोधलेला उपाय असा की रंग तेच ठेवायचे, पण घर पूर्ण रंगवायचे की अर्धे, हा दुसरा भेद आणायचा. रंग जागेबद्दल सांगतो आणि रंगाचे प्रमाण अक्षराबद्दल सांगते. अक्षर मात्रेसह तंतोतंत जुळले तर घर पूर्ण भरते. फक्त व्यंजन जुळले आणि मात्रा, अनुस्वार किंवा जोड वेगळी असली, तर घराचा खालचा अर्धा भाग तेवढा रंगतो. अक्षराचे व्यंजन हे माणसाच्या आडनावासारखे आणि मात्रा त्याच्या नावासारखी समजली, तर हे लगेच लक्षात येते: पूर्ण रंग म्हणजे तोच माणूस, अर्धा रंग म्हणजे आडनाव तेच पण घरातील दुसरी व्यक्ती. त्यामुळे पूर्ण हिरवे, अर्धे हिरवे, पूर्ण पिवळे, अर्धे पिवळे आणि राखाडी अशी पाच उत्तरे होतात. खेळणाऱ्याला मात्र पाच गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. जागा बरोबर आहे का आणि अक्षर पूर्ण आहे का, या दोन प्रश्नांवर भागते.

या नियमाचा खरा आधार राखाडी रंग आहे. राखाडी म्हणजे ‘या अक्षरातील एकही व्यंजन आता शब्दात शिल्लक नाही’ असे ठाम विधान असले पाहिजे, कारण खेळणारा सर्वांत जास्त तर्क नकारावर बांधतो. पुढचे बहुतेक निर्णय मी हा अर्थ ढळू नये म्हणून घेतले आहेत.

## मग मात्रेलाही रंग का नाही?

व्यंजन जुळल्यावर अर्धा रंग मिळतो, तर मात्रा जुळल्यावरही काही खूण का नसावी, हा प्रश्न रास्त आहे. मी तसे करूनही पाहिले. ‘झणझणीत’ या शब्दासमोर ‘करमणूक’ हा शब्द ठेवा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या घरात दोन्ही शब्दांत बिनमात्रेची, म्हणजे अकारान्त, अक्षरे आहेत. मात्रेला खूण दिली तर चार घरांवर खूण उमटेल आणि त्यातून जवळजवळ काहीच कळणार नाही, कारण मराठी शब्दांत अकारान्त अक्षरांची रेलचेल असते. खुणा वाढूनही माहिती वाढत नसेल तर त्या खुणा डोळ्यांना त्रासच देतात. त्याच न्यायाने सुटा ‘ई’ आणि ‘णी’वरची वेलांटी यांचाही संबंध मी जोडत नाही. सुटा स्वर फक्त त्याच सुट्या स्वराशी जुळतो.

## दोनदा आलेले अक्षर: हिशेबाचा प्रश्न

येथपर्यंत सगळे सरळ वाटते, पण नियम मोडतो तो अक्षर दोनदा आल्यावर. गुप्त शब्द ‘पारितोषिक’ आहे आणि खेळणाऱ्याने ‘करमणूक’ दिला आहे असे धरा. दिलेल्या शब्दात ‘क’ दोनदा आहे, गुप्त शब्दात एकदाच, शेवटच्या घरात. घरे डावीकडून उजवीकडे एकेक तपासत गेलो, तर पहिला ‘क’ शब्दात कोठेतरी आहे म्हणून पिवळा होतो आणि शेवटचा ‘क’ योग्य जागी आहे म्हणून हिरवा होतो. खेळणारा समजतो की शब्दात दोन ‘क’ आहेत, आणि ते तर खोटे आहे. घाईने बनवलेल्या खेळांत हा दोष नेहमी आढळतो आणि तो ओळखण्यासाठी असा एक शब्दजोड देऊन पाहणे पुरेसे असते.

आरक्षणाच्या एसटी बसमध्ये वाहक काय करतो ते आठवावे. जे प्रवासी आपापल्या क्रमांकाच्या आसनावर बसले आहेत त्यांची आसने तो आधी पक्की करतो. चुकीच्या आसनावर बसलेल्यांची तिकिटे तो त्यानंतर पाहतो, आणि एकदा पक्के झालेले आसन दुसऱ्याच्या नावावर लावत नाही. खेळातही हिशेब असाच फेऱ्यांनी करावा लागतो. पहिल्या फेरीत तंतोतंत जुळणारी, योग्य जागेवरची अक्षरे पूर्ण हिरवी करायची. दुसरीत त्याच जागी नुसते व्यंजन जुळत असेल तर अर्धे हिरवे द्यायचे. तिसरीत दुसऱ्या जागी असलेले तंतोतंत अक्षर पूर्ण पिवळे होते आणि चौथीत दुसऱ्या जागी असलेले नुसते व्यंजन अर्धे पिवळे होते. उरले ते राखाडी. गुप्त शब्दातील जे व्यंजन एकदा हिशेबात आले ते खर्च झाले असे धरायचे, आणि एकाच फेरीत दोघांचा दावा आला तर डावीकडच्याला आधी संधी द्यायची.

या पद्धतीने ‘करमणूक’चे उत्तर असे येते: शेवटचा ‘क’ पूर्ण हिरवा, ‘र’ अर्धा हिरवा, कारण त्याच जागी ‘रि’ आहे, आणि पहिला ‘क’ राखाडी, कारण शब्दातील एकुलता एक ‘क’ आधीच खर्च झालेला आहे. म्हणजेच राखाडीचा नेमका अर्थ ‘याहून जास्त नाही’ असा आहे. मूळ इंग्रजी खेळातही तो तसाच आहे.

खर्च व्यंजनांचा मांडायचा, अक्षरांचा नाही, हे मला उशिरा उमगले. गुप्त शब्द ‘मित्रमंडळ’ आणि दिलेला शब्द ‘वातावरण’ घ्या. ‘त्र’मध्ये ‘त’ आणि ‘र’ दोन्ही आहेत. अक्षरांचा हिशेब ठेवला तर ‘ता’ने ‘त्र’ हे अक्षर खर्च करून टाकले आणि बिचारा ‘र’ राखाडी झाला, शब्दात असूनही. व्यंजनांचा हिशेब ठेवला तर ‘ता’ने त्याच जागचा ‘त’ घेतला, ‘र’ने ‘र’ घेतला, आणि ‘ता’चे घर अर्धे हिरवे, तर ‘र’चे घर अर्धे पिवळे झाले.

## हिरवे आधी की पूर्ण आधी?

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचा क्रम उलटा का नाही, असे एका जाणत्या स्नेह्याने मला विचारले. त्याचे म्हणणे असे होते की तंतोतंत अक्षर हा मोठा पुरावा आहे, मग तो आधी का सांगू नये? ‘झणझणीत’समोर ‘पाणीटंचाई’ ठेवल्यावर हा पेच नेमका समोर येतो. दुसऱ्या घरातील ‘णी’ त्याच जागच्या ‘ण’शी अर्धी जुळते आणि चौथ्या जागच्या ‘णी’शी पूर्ण जुळते. एका घराला एकच खूण देता येते. पूर्ण पिवळे द्यावे की अर्धे हिरवे?

दोन्ही विधाने खरीच आहेत, म्हणून मी पाहिले की खेळणारा त्यातून चुकीचा निष्कर्ष कोणता काढील. पूर्ण पिवळे दिसले तर तो म्हणेल की ‘णी’ येथे नाही, आणि तो बहुधा सगळा ‘ण’ परिवारच दुसऱ्या घरातून काढून टाकील, जे चूक ठरेल. अर्धे हिरवे दिसले तर तो म्हणेल की येथे ‘ण’चेच काही रूप आहे, आणि ते बरोबर ठरेल. चौथ्या जागच्या ‘णी’बद्दल त्याला अजून काही कळलेले नसते, पण हिरवे घर पाहून ते अक्षर दुसरीकडे नाहीच असे कोणी धरून चालत नाही. म्हणून जागा आधी, मग अक्षर, हाच क्रम मी कायम ठेवला.

## एक डाव पूर्ण खेळून पाहू

गुप्त शब्द ‘झणझणीत’च ठेवू. पहिला प्रयत्न ‘पाणीटंचाई’: ‘णी’ अर्धी हिरवी, बाकी चारही घरे राखाडी. दुसऱ्या जागी ‘ण’चे ‘णी’ सोडून दुसरे एखादे रूप आहे आणि प, ट, च यांचा प्रश्न मिटला, एवढे समजले.

दुसरा प्रयत्न ‘गणेशोत्सव’: ‘णे’ पुन्हा अर्धी हिरवी, ‘त्स’ अर्धे पिवळे, बाकी राखाडी. आता दुसऱ्या जागी ‘णे’ही नाही, आणि ‘त’ किंवा ‘स’ यांपैकी निदान एक व्यंजन चौथे घर सोडून कोठेतरी आहे. दोहोंपैकी कोणते, हे खूण सांगत नाही. ही या नियमाची मर्यादाच आहे. जोडाक्षरातील प्रत्येक व्यंजनाला वेगळी खूण देण्याचा विचार मी सोडून दिला, कारण फोनच्या पडद्यावर ‘त्स’चे दोन तुकडे वेगळे रंगवले की अक्षर वाचताच येत नाही.

तिसऱ्या प्रयत्नात खेळणाऱ्याला ‘खणखणीत’ सुचला. दुसऱ्या जागचा ‘ण’, चौथी ‘णी’ आणि पाचवा ‘त’ पूर्ण हिरवे झाले, दोन्ही ‘ख’ राखाडी. येथे इंग्रजी खेळात सहसा न दिसणारी मराठीची एक लकब पुढे येते. नादाची जोडी करून तिला ‘ईत’ लावण्याची आपल्या भाषेची सवय पाच अक्षरांचे शब्द भराभर पुरवते: चमचमीत, टवटवीत, मिळमिळीत, लुसलुशीत. आपल्या साच्यात बसणारे ओळखीचे शब्द अजून चार उरतात: झणझणीत, सणसणीत, दणदणीत, ठणठणीत. प्रयत्न मात्र तीनच शिल्लक आहेत. एकेक करून पाहत गेलो तर दैवावर हवाला ठेवावा लागतो.

अशा वेळी उत्तर असूच शकत नाही असा, पण उरलेल्या व्यंजनांची चाचणी घेणारा शब्द द्यावा. ‘सदासर्वदा’ येथे उत्तम बसतो: स, दा, स, र्व, दा. उत्तर ‘सणसणीत’ असते तर पहिला आणि तिसरा ‘स’ पूर्ण हिरवे झाले असते. ‘दणदणीत’ असते तर दोन्ही ‘दा’ अर्धे पिवळे झाले असते. पाचही घरे राखाडी झाली, म्हणजे ‘झ’ किंवा ‘ठ’, आणि दोन प्रयत्नांत दोन शब्द हमखास संपतात. ‘दा’ला अर्धा रंग मिळण्याची सोय नसती, तर ‘दणदणीत’ आणि उरलेले दोन यांच्यात भेद करता आला नसता आणि हीच चाल निम्मी वाया गेली असती.

## शुद्धलेखनाची शिक्षा तर होत नाही ना?

ही शंका शाळेत शिकवणाऱ्या दोघातिघांनी बोलून दाखवली. कोणी ‘झणझणित’ असे ऱ्हस्व लिहिले तर? मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे अकारान्त मराठी शब्दातील शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार किंवा उकार दीर्घ असतो, म्हणून ‘झणझणीत’ आणि ‘करमणूक’. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र मूळ रूप राखतात, म्हणून ‘पारितोषिक’मधली ‘षि’ ऱ्हस्व. अनेक सुशिक्षित माणसेही येथे अडखळतात, आणि शब्द ओळखण्याच्या खेळात त्यासाठी प्रयत्न गमावावा लागणे मला अन्यायाचे वाटते.

यादीत नसलेला शब्द खेळ स्वीकारतच नाही, त्यामुळे ‘झणझणित’ परत येतो आणि प्रयत्न खर्च होत नाही. अधिक नाजूक प्रसंग तेव्हा येतो, जेव्हा ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही रूपे यादीत असतात आणि त्यांचे अर्थ वेगळे असतात, जसे ‘दिन’ आणि ‘दीन’. शब्दाच्या पोटात अशी जोडी आली तर अर्धा रंग आपोआप मिळतो आणि खेळणाऱ्याला कळते की व्यंजन बरोबर आहे, फक्त वेलांटीकडे पाहायला हवे.

## ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचे काय?

संगणकाच्या दृष्टीने ‘क्ष’ म्हणजे क आणि ष यांची जोड आणि ‘ज्ञ’ म्हणजे ज आणि ञ यांची. वरचा नियम जसाच्या तसा लावला तर ‘विज्ञान’मधल्या ‘ज्ञा’मुळे ‘ज’ला अर्धा रंग मिळेल. मराठी माणूस ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, त्यात त्याला ‘ज’ ऐकू येत नाही, आणि पाटीवरही तो ‘क्ष’, ‘ज्ञ’ स्वतंत्र अक्षरे म्हणूनच गिरवतो. म्हणून या दोघांना मी न फुटणारी व्यंजने मानले आहे: ‘ज्ञा’ला ‘ज्ञ’शीच अर्धे जुळता येते. ‘त्र’ आणि ‘श्र’ यांना ही सवलत दिलेली नाही, कारण त्यांतले ‘त’, ‘श’ आणि ‘र’ कानाला स्पष्ट ऐकू येतात. ‘ऱ’ला मात्र अर्ध्या रंगापुरते ‘र’ समजायचे, पूर्ण रंगासाठी नाही.

कळफलकावरच्या कळांना रंग देतानाही ही विभागणी उपयोगी पडते. इंग्रजी खेळात कळ आणि घर यांचे रंग एकच असतात. येथे कळ व्यंजनाची आहे आणि घर अक्षराचे. म्हणून कळ राखाडी करण्याआधी ते व्यंजन गुप्त शब्दात कोठेही नाही याची वेगळी खात्री करून घ्यावी लागते. घराचा राखाडी रंग थेट कळेवर उतरवला, तर ‘करमणूक’मधल्या पहिल्या ‘क’मुळे ‘क’ची कळच मालवली जाईल, शेवटच्या घरात ‘क’ पूर्ण हिरवा उभा असतानाही. आमच्या घरच्या आवृत्तीत हा दोष आठवडाभर राहिला होता, आणि तो आईने ‘पारितोषिक’च्या डावातच पकडला.